दुकानातला कॉम्प्युटर ‘हँग’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

*माझं तालुक्याच्या गावी टायपिंग, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सगळं काम एकाच डेस्कटॉपवर चालतं. गेल्या दिवाळीपासून तो सारखा हँग होतो. कधी टायपिंग करताना वर्ड अडकतं. कधी माऊसही हलत नाही, मग बटण दाबून धरून बंद करावा लागतो. कधी गिऱ्हाईक समोर उभं असताना प्रिंट द्यायला जावं तर स्क्रीन काळी होते, आणि कधी आपला आपणच रिस्टार्ट होतो. दुरुस्तीवाल्या दादांनी आधी फॉरमॅट मारला, मग रॅम बदलली, आता म्हणतात नवीनच घ्या. ते दुकानात येऊन बसतात तेव्हा मात्र मशीन निमूट चालतं. ते मला फसवताहेत का? नवीन घ्यायचा तर पैसे उसने आणावे लागतील.*
*— एक दुकानदार ताई*

ताई, उसने पैसे आणू नका. निदान एवढ्यात तरी नको.

दादा फसवताहेत की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण फोनवर त्यांना ‘हँग होतोय’ एवढंच कळत असेल, तर त्यांनी केलं ते बहुतेक दुरुस्तीवाले करतात तेच. हँग म्हटलं की आधी विंडोज नव्याने टाकायचं, तरी थांबलं नाही तर रॅम बदलायची. अडचण अशी की तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगवेगळी आहेत. चारींना एकच नाव दिल्यामुळे एकाच इलाजाची अपेक्षा धरली गेली. शिवाय फॉरमॅट मारताना एक नुकसान झालं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. बिघडल्या वेळच्या ज्या नोंदी विंडोज स्वतः करून ठेवतं, त्याही पुसल्या गेल्या. त्यामुळे आता नव्याने सुरुवात करावी लागेल. ती तुम्हीच करायची आहे, कारण बिघाड होतो तेव्हा समोर तुम्ही असता, दादा नसतात.

आधी वर्डचं बघू. ते अडकतं तेव्हा माऊसचा बाण फिरतो का? खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतं का? शेजारी उघडलेल्या ब्राउझरमध्ये काम करता येतं का? या तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर तो खरा हँग. म्हणजे एकच प्रोग्राम कशाची तरी वाट बघत थांबलाय, बाकी मशीन ठणठणीत आहे. विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रामला सतत निरोप देत असतं, इथे क्लिक झालं, हे बटण दाबलं. पाच सेकंद उलटून गेले आणि प्रोग्रामने एकही निरोप उचलला नाही, तर विंडोज त्याच्या नावापुढे `Not Responding` लिहितं आणि त्याची खिडकी फिकट करतं. ती फिकी खिडकी वर्डची नसतेच. वर्ड जागेवर नाही म्हणून विंडोजने तिथे तात्पुरतं उभं केलेलं ते चित्र असतं. अशा वेळी आपण चिडून दहादा क्लिक करतो. त्याने काही सुटत नाही, उलट वर्ड शुद्धीवर आलं की ते सगळे क्लिक एकदम अंगावर येऊ शकतात.

हँगमध्ये विचारायचा प्रश्न एकच, हा प्रोग्राम कशासाठी थांबलाय? `Ctrl + Shift + Esc` दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल तर वाट डिस्कची आहे. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही निवांत असतील आणि तरीही वर्ड अडकलं असेल, तर ते मशीनबाहेरच्या कशाची तरी वाट बघत असण्याची शक्यता मोठी. तुमच्यासारख्या दुकानांत याचं एक नेहमीचं कारण सापडतं. डिफॉल्ट प्रिंटर म्हणून एखादा जुना, कधीच विकून टाकलेला किंवा बंद पडलेला नेटवर्कचा प्रिंटर नोंदलेला राहतो. वर्ड पानाची मांडणी करताना डिफॉल्ट प्रिंटरची विचारपूस करतं आणि पलीकडून उत्तर येत नाही म्हणून ताटकळतं. तपासायला सोपं आहे. दोन दिवस डिफॉल्ट प्रिंटर म्हणून `Microsoft Print to PDF` निवडा. वर्डचं अडकणं थांबलं तर कारण सापडलं. त्यासाठी फॉरमॅटही नको आणि रॅमही नको.

फॉर्म भरताना सरकारी संकेतस्थळावर नुसतं चक्र फिरत राहतं, त्याला कृपा करून हँग म्हणू नका. शेवटच्या तारखेला पलीकडचा सर्व्हर दमलेला असतो. त्याच वेळी दुसरं कुठलंही संकेतस्थळ झटकन उघडत असेल तर तुमच्या मशीनचा त्यात काही दोष नाही, आणि दुरुस्तीवाल्यालाही त्यासाठी बोलावू नका.

माऊस न हलणं हा मात्र वेगळा प्रकार. यात एखादा प्रोग्राम नाही, सगळं मशीनच थिजतं. स्क्रीनवर चित्र तसंच असतं, पण घड्याळाचा मिनिट पुढे जात नाही. गाणं किंवा व्हिडिओ चालू असेल तर आवाजाचा एकच तुकडा टर्रर्र करत अडकून राहतो. याला फ्रीज म्हणायचं. इथे बटण दाबून धरण्याआधी मला तुमच्याकडून एक मिनिट हवंय.

कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबा आणि तिचा दिवा बघा. तो दिवा कळ दाबल्यामुळे आपोआप पेटत नाही. कीबोर्डचा निरोप मशीनकडे जातो, विंडोज तो वाचतं आणि दिवा लावायला सांगतं, तेव्हा तो पेटतो. म्हणजे दिवा लागत-विझत असेल तर स्क्रीन थिजलेली दिसली तरी आत विंडोज जिवंत आहे. मग `Ctrl + Alt + Del` दाबून बघा. काहीच झालं नाही तर `Win + Ctrl + Shift + B` दाबा. याने डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बीप येऊन स्क्रीन क्षणभर मिचकावली आणि काम पुढे चालू झालं, तर संशय डिस्प्लेच्या ड्रायव्हरवर किंवा ग्राफिक्स कार्डवर जातो. पण कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म असेल तर मशीन मुळापासून अडकलंय. (वायरलेस माऊस असेल तर त्याचा सेल संपलेला नाही ना, हे आधी बघा. हसू नका, यासाठी पैसे देऊन लोकांनी माणूस बोलावलेला आहे.)

दुसरी गोष्ट, थिजलेल्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात स्क्रीनवरचं घड्याळ यायला हवं. फोटो कधी काढला ती वेळ मोबाइल स्वतःच नोंदवतो. स्क्रीनवर ११:४२ आणि फोटोची वेळ ११:४९ असेल, तर मशीन सात मिनिटांपूर्वीच थिजलं होतं, तुमच्या लक्षात आत्ता आलं. त्या ११:४२ ला काय चाललं होतं, हे नंतर नोंदींत शोधता येतं.

तिसरं म्हणजे, शक्य असेल तर दोन मिनिटं थांबून बघा. आपोआप सुटणारा फ्रीज आणि कधीच न सुटणारा फ्रीज यांची कारणं सहसा एक नसतात. अर्धा-एक मिनिट थिजायचं, मग काहीच न झाल्यासारखं पुढे चालायचं, आणि हे वारंवार, हे बहुतेक वेळा डिस्कचं लक्षण असतं. विंडोज डिस्ककडे माहिती मागतं, डिस्क उत्तर देत नाही, शेवटी विंडोज तिला दटावून पुन्हा सुरू करतं. नोंदींत तेव्हा `Reset to device` असा मजकूर दिसतो. कधी `bad block` असंही लिहिलेलं असतं. यातलं काहीही दिसलं तर दुरुस्तीचा विचार नंतर, आधी ग्राहकांच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्क तपासायची, तिच्यावर पुन्हा विंडोज टाकायचं, ही कामं मरू घातलेल्या डिस्कवर आणखी ताण टाकतात. सुदैवाने कधीकधी दोष डिस्कचा नसून तिच्या ढिल्या किंवा खराब केबलचा असतो आणि ती केबल अगदी स्वस्त मिळते.

आपला आपण रिस्टार्ट होणं यात दोन शक्यता आहेत. पहिली क्रॅशची. विंडोजला आत काही इतकं चुकीचं सापडतं की पुढे चालत राहण्यापेक्षा ते स्वतःहून थांबतं. तेव्हा ती निळी स्क्रीन येते. नव्या विंडोज ११ मध्ये ती काळी असते, म्हणून हल्ली ‘स्क्रीन काळी झाली’ एवढ्या वाक्यानेही घोटाळा होतो. त्या काळ्या स्क्रीनवर अक्षरं होती की नाही, हे सांगणं फार गरजेचं आहे. अक्षरं होती तर क्रॅश, नुसता अंधार असेल तर प्रकरण वेगळं. पण हे दिसायला वेळ मिळत नाही, कारण क्रॅशनंतर लगेच रिस्टार्ट करायचं हे विंडोजमध्ये आधीपासूनच ठरवून ठेवलेलं असतं. तुम्ही पानं मोजायला मान वळवलेली असली तर तुम्हाला फक्त रिस्टार्ट दिसतो.

ते बंद करून ठेवा. `Win + R` दाबून `sysdm.cpl` लिहा आणि एंटर मारा. वरच्या `Advanced` वर जा, तिथे `Startup and Recovery` च्या खालचं `Settings` दाबा आणि `Automatically restart` समोरची खूण काढा. यापुढे क्रॅश झाला तर ती स्क्रीन तुमची वाट बघत उभी राहील. तिचा फोटो काढा आणि मग बटण दाबून धरून मशीन बंद करा. फोटोत `Stop code` ची ओळ वाचता आली पाहिजे, आणि खाली `What failed` असं काही लिहिलं असेल तर तेही. `MEMORY_MANAGEMENT` आणि `WHEA_UNCORRECTABLE_ERROR` यांत दुरुस्तीवाल्याच्या लेखी बराच फरक आहे. पहिल्यात तो रॅमची तपासणी लावेल, दुसऱ्यात उष्णता, वीजपुरवठा आणि प्रोसेसर बघेल. ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं’ यावरून मात्र त्याला फॉरमॅटच सुचेल.

क्रॅश एखाद्या प्रोग्रामचाही होतो. तेव्हा वर्ड फिकं पडून थांबत नाही, खिडकी एकदम नाहीशी होते आणि तुम्ही डेस्कटॉपकडे बघत राहता. अडकलं आणि गायब झालं, एवढे दोन शब्द वेगळे ठेवले तरी पुरे.

रिस्टार्टची दुसरी शक्यता विजेची, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच. स्क्रीन काळी होते ती प्रिंट द्यायला जाताना, गिऱ्हाईक समोर असताना. दादा येऊन बसतात तेव्हा काही होत नाही. ते बसतात तेव्हा तुम्ही प्रिंट देता का? बहुधा नाही. मशीन बंद-चालू करून बघितलं जातं, वर्ड उघडतं, ब्राउझर उघडतो, चहा होतो. आता टेबलाखाली वाकून बघा, लेझर प्रिंटरची वायर कुठे लावली आहे? यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये असेल तर पुढचं नीट वाचा.

लेझर प्रिंटर कागदावर शाईची पूड टाकतो आणि तापलेल्या रोलरखाली ती वितळवून चिकटवतो. तो रोलर तापवायला आत हीटर असतो. दुकानांत साधारणपणे ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि तो साडेतीनशे वॉटच्या आसपास भार पेलतो. तुमचा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभर-दीडशे वॉट घेतील. छापताना प्रिंटर काहीशे वॉट सहज ओढतो आणि हीटर पेटतो त्या क्षणी तर आकडा कितीतरी वर जातो, काही मॉडेलांत हजारच्या घरात. बराच वेळ निवांत पडलेल्या प्रिंटरचा रोलर थंड असतो, म्हणून पहिल्या पानाला भार सगळ्यात जास्त. त्या झटक्याने दाब क्षणभर खाली येतो, यूपीएसला वाटतं लाइट गेली, तो टक् करून बॅटरीवर जातो आणि बॅटरीवर एवढा भार त्याला झेपत नाही. तो हात वर करतो. प्रिंटर, मॉनिटर, सीपीयू, सगळं एकदम अंधारात. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची झालेली असेल तर हे आणखी लवकर घडतं. म्हणूनच लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये असं प्रिंटरवाले आणि यूपीएसवाले दोघेही सांगतात.

म्हणजे ज्याला तुम्ही हँग म्हणत होता तो बहुधा शटडाउन आहे, तोही विंडोजच्या नकळत झालेला. कधी स्क्रीन काळी राहते आणि कधी रिस्टार्ट होतो, याचंही उत्तर यात मिळू शकतं. पुरवठा तुटून लगेच परत आला तर काही मशीन आपोआप चालू होतात, कारण त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, तशी सोय चालू केलेली असते.

पण हा माझा अंदाज आहे. खात्री करायची तर काळोख झाल्याबरोबर दोन गोष्टी बघा आणि एक ऐका. सीपीयूच्या डब्यावरचा दिवा लागलेला आहे का? मॉनिटरचा दिवा लागलेला आहे का? पंख्याची घरघर चालू आहे का? सगळंच गप्प असेल तर वीज तुटली. मॉनिटरचा दिवा लागलेला आणि पंखा फिरतोय, पण चित्र नाही, तर शटडाउन झालेलाच नाही. मशीन चालू आहे, चित्र येईनासं झालंय. तिथे व्हिडिओ केबल, ग्राफिक्स किंवा आधी सांगितलेला फ्रीज यांच्याकडे बघावं लागेल. त्या वेळी यूपीएसने टक् केलं का, टूं टूं केलं का, तेही कानात ठेवा.

मग मशीन पुन्हा कसं चालू झालं ते बघा. बटण दाबताच चालू झालं आणि नंतर दिवसभर नीट चाललं, तर तो बाहेरच्या विजेचा धक्का असू शकतो. चालू होतं पण पाच मिनिटांत पुन्हा बंद पडतं, आणि अर्धा तास थंड होऊ दिलं की जास्त वेळ टिकतं, तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन तडकाफडकी बंद होतं. त्यामुळे बंद पडण्याआधी ते मंदावलं होतं का, पंखा जोरात ओरडत होता का, हे सांगा. बटण दाबूनही काहीच होत नाही, वायर भिंतीतून काढून थोड्या वेळाने लावली की मगच चालू होतं, तर सीपीयूच्या आतल्या एसएमपीएसने, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याने, स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलेला असू शकतो. आणि बंद होण्याआधी स्क्रीनवर `Shutting down` असं येऊन गेलं असेल, तर तो बिघाड नाहीच. कुणीतरी, बहुधा विंडोजच्या अपडेटने, रीतसर सांगून मशीन बंद केलंय.

आता नोंदींबद्दल. `Win + R` दाबून हे लिहा:

```
perfmon /rel
```

दिवसवार एक तक्ता उघडेल. ज्या दिवशी गडबड झाली त्या दिवसाखाली लाल फुली असते. तिच्यावर क्लिक केलं की खाली मजकूर येतो. `Stopped responding and was closed` म्हणजे प्रोग्राम हँग झाला आणि बंद करावा लागला. `Stopped working` म्हणजे प्रोग्राम क्रॅश झाला. `Windows was not properly shut down` म्हणजे मशीन रीतसर बंद न होता थांबलं. फॉरमॅटनंतरच्या सगळ्या दिवसांचे फोटो काढून दादांना पाठवा.

तिसऱ्या मजकुराची मेख लक्षात घ्या. मशीन थिजलं आणि तुम्ही बटण दाबून धरलं, तरी हीच नोंद होते. यूपीएसने वीज तोडली तरी हीच. ती नोंद त्या क्षणी होतच नाही. पुढच्या वेळी मशीन चालू झालं की विंडोज मागे वळून बघतं, आपण नीट बंद झालो नव्हतो हे त्याच्या लक्षात येतं आणि मग ते लिहितं. कारण त्यालाही माहीत नसतं. दादांना `eventvwr.msc` मध्ये `Kernel-Power` नावाची ४१ क्रमांकाची नोंद दिसेल, तिचाही अर्थ एवढाच. तो क्रमांक इंटरनेटवर शोधून लगेच एसएमपीएस बदलणारे बरेच आहेत. त्या नोंदीच्या तपशिलात मात्र थोडं जास्त कळतं. `BugcheckCode` समोर शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर क्रॅश झाला होता. तो शून्य असून `PowerButtonTimestamp` समोर मोठा आकडा असेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. दोन्ही शून्य असतील तर वीज तुटली किंवा मशीन इतकं थिजलं की त्याला काहीच लिहिता आलं नाही. या दोहोंतलं कोणतं, ते सांगायला समोर माणूसच लागतो. दिवे विझले होते की चित्र तसंच होतं, हे कुठल्याही नोंदीत सापडत नाही.

म्हणून कीबोर्डशेजारी एक वही ठेवा. घडलं की तेव्हाच लिहा, संध्याकाळी आठवून नको. वेळ, काय करत होता, काय दिसलं, तुम्ही काय केलं, मग काय झालं. कारण लिहू नका, रॅम गेली वाटतं, व्हायरस असेल, हे काहीही नको. तुम्ही कारण सांगितलं की समोरचा तेच तपासतो. दादांना निरोप असा जायला हवा:

‘दादा, आज ११:२० ला एकदम बंद पडला. तासभर प्रिंट दिली नव्हती, पहिलं पान द्यायला गेले आणि यूपीएसचा टक् आवाज आला. सीपीयूचा दिवा, मॉनिटरचा दिवा, पंखा, सगळं एकदम गेलं. दुकानातला ट्यूबलाइट चालू होता. बटण दाबल्यावर लगेच चालू झाला. या आठवड्यातली दुसरी वेळ, दोन्ही वेळा प्रिंट देतानाच.’

किंवा फ्रीजचा असा:

‘दादा, आज ४:०५ ला माऊस थांबला, चित्र तसंच होतं. कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता. दोन मिनिटं थांबले, सुटला नाही, बटण दाबून बंद केला. तेव्हा पेनड्राइव्हवरून फोटो उतरवत होते. स्क्रीनचा फोटो पाठवतेय.’

पहिला निरोप वाचून कुणी फॉरमॅट मारायला निघालं, तर मग फसवणुकीचा तुमचा प्रश्न पुन्हा काढू. तोवर दादांना एवढंच विचारत जा, ‘हे कशावरून ठरवलं?’ उत्तर देता येणारा माणूस सोडू नका. आणि बदललेला जुना भाग मागून घ्यायचा, तो तुमचाच आहे. ती जुनी रॅम कुठे गेली?

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन ओळी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे घरातली लाइट गेल्याने तो बंद पडू नये. पडत असेल तर बॅटरी संपलेली आहे. चार्जर लावून बंद पडतो की काढून, हे सांगा, आणि खालच्या बाजूला हात लावून तो किती तापला होता तेही. झाकण लावल्यावर झोपलेला लॅपटॉप उठला नाही तर ‘बंद पडला’ म्हणू नका, ‘झोपेतून उठत नाही’ म्हणा. त्याचा इलाज वेगळा असतो.

ताई, तुम्ही आजच करायचं काम साधं आहे. प्रिंटरची वायर यूपीएसमधून काढून भिंतीवरच्या वेगळ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि राउटर ठेवा. मग कॉम्प्युटर बंद करून त्याच्या जागी यूपीएसवर जुना शंभर वॉटचा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेलीय. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती एकटीच बदलून मिळते. एलईडी बल्ब लावून हे तपासू नका, एवढा हलका भार मेलेली बॅटरीही थोडा वेळ ओढते.

मग आठ-दहा दिवस नेहमीसारख्या प्रिंट देत राहा. काळी स्क्रीन आणि रिस्टार्ट दोन्ही थांबले, तर वर्डसाठी डिफॉल्ट प्रिंटर आणि फ्रीजसाठी डिस्क व तिची केबल, एवढंच दादांकडे उरतं. प्रिंटर वेगळा करूनही सगळे दिवे एकदम विझत असतील, तर त्यांना दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस दोन दिवस लावून बघायला सांगा. विकत घ्यायचा तो नंतर.